नोटिशीतले दोन महिने

इंदूर, देवास, उज्जैन, ग्वाल्हेर या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली अनेक मराठी घरं आता पुण्यात, मुंबईत किंवा परदेशात स्थिरावली आहेत. तिकडचं घर मात्र विकलेलं नसतं. खाली कुलूप असतं आणि वरच्या मजल्यावर भाडेकरू. भाडं दर महिन्याला बँकेत जमा होतं तोवर कुणाला कायदा आठवत नाही. मग एखाद्या महिन्यात ते येत नाही, पुढच्याही महिन्यात येत नाही, फोनवर ‘अगले हफ्ते पक्का’ असं उत्तर मिळतं, आणि सहा महिन्यांनी घरमालक ठरवतो, की आता नोटीस पाठवायची.

इथे बहुतेकांची समजूत अशी असते, की नोटीस म्हणजे दम. भाषा जितकी करडी, मुदत जितकी कमी, तितका परिणाम जास्त. म्हणून ‘सात दिन के भीतर मकान खाली करें’ असं काहीतरी लिहिलं जातं. प्रत्यक्षात थकलेल्या भाड्याच्या नोटिशीचं काम घाबरवणं हे नाही. ती पोहोचली त्या दिवशी एक घड्याळ सुरू होतं. ते किती वेळ चालणार हे घरमालक ठरवत नाही, वकीलही ठरवत नाही. ते त्या त्या राज्याच्या कायद्यात लिहिलेलं असतं.

मध्य प्रदेशात हा कायदा 1961 चा आहे. हिंदीत त्याचं नाव मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम. भाडेकरूला कोणकोणत्या कारणांनी घराबाहेर काढता येतं, त्याची यादी त्याच्या कलम 12 मध्ये आहे आणि त्यातलं पहिलंच कारण थकबाकीचं आहे. पण नुसती थकबाकी पुरत नाही. घरमालकाने मागणीची नोटीस बजावली पाहिजे, आणि ती मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत भाडेकरूने कायद्याने वसूल होऊ शकणारी संपूर्ण थकबाकी दिली नसली पाहिजे, देऊही केली नसली पाहिजे. तेव्हाच घर खाली करून मागण्याचं कारण तयार होतं. भाडेकरूने सहा महिने पैसे दिले नाहीत, हे कारण नव्हे. मागितल्यावर दोन महिन्यांतही दिले नाहीत, हे कारण.

महाराष्ट्रात हीच मुदत नव्वद दिवसांची आहे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवस होईपर्यंत थकबाकीचा दावाच लावता येत नाही. दिल्लीत दरमहा साडेतीन हजारांपेक्षा जास्त भाडं असेल, तर तिथला 1958 चा भाडे कायदा लागूच होत नाही. मग मालमत्ता हस्तांतरण कायद्यातली, मासिक भाडेपट्टी संपवण्याची पंधरा दिवसांची नोटीस चालते. म्हणून पुण्याच्या वकील मित्राने दिलेला नमुना हिंदीत उतरवून इंदूरला धाडणं धोक्याचं, आणि दिल्लीतल्या नातेवाइकाच्या नोटिशीची नक्कल करणं त्याहून धोक्याचं. भाषा हिंदीच, विषय तोच, आणि मुदत मात्र साफ चुकलेली.

एक उदाहरण घेऊन हिशेब मांडू. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. इंदुरातल्या घराचा पहिला मजला दरमहा 12,000 रुपये भाड्याने दिलेला आहे. अकरा महिन्यांचा करार कधीच संपला. भाडेकरू राहत गेला, मालक भाडं घेत गेला, आणि व्यवहार महिन्यामहिन्याचा झाला. महिन्याचं भाडं पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत द्यायचं असं ठरलेलं. जून 2025 पर्यंतचं भाडं आलं. जुलैपासून बंद. मध्ये 18 ऑक्टोबरला भाडेकरूने एकदम 15,000 रुपये पाठवले, सोबत कुठलाही मजकूर नाही. आता नोटीस निघते 10 जानेवारी 2026 रोजी.

जुलै ते डिसेंबर हे सहा महिने, म्हणजे 72,000 रुपये. त्यातून आलेले 15,000 वजा केले की 57,000 उरतात. ते 15,000 कुठल्या महिन्याचे, हे देणाऱ्याने सांगितलं नसेल तर घेणारा ते जुन्या बाकीत वळते करू शकतो. म्हणजे जुलै पूर्ण फिटला, ऑगस्टपोटी 3,000 आले, ऑगस्टचे 9,000 आणि पुढच्या चार महिन्यांचे 48,000 राहिले. डिसेंबरचं भाडं 7 जानेवारीला देय झालं, म्हणून ते नोटिशीत येतं. जानेवारीचं भाडं येत नाही, कारण 10 जानेवारीला ते देयच झालेलं नाही. हा फरक बारीक वाटतो, पण देय न झालेलं भाडं थकबाकी म्हणून मागितलं की समोरच्या वकिलाला पहिला मुद्दा आयता मिळतो.

या हिशेबावरून तयार होणारी नोटीस साधारण अशी असते:

‘प्रति, श्री …, किरायेदार, प्रथम तल, मकान क्रमांक …, इन्दौर (म.प्र.)

विषय : बकाया किराया राशि 57,000 रुपये की माँग बाबत सूचना पत्र।

महोदय, मेरे पक्षकार भवन स्वामी श्री … के निर्देशानुसार एवं उनकी ओर से आपको सूचित किया जाता है —

1. यह कि, आप उक्त मकान के प्रथम तल पर मेरे पक्षकार के 12,000 रुपये प्रतिमाह की दर से मासिक किरायेदार हैं। प्रत्येक माह का किराया अगले माह की 7 तारीख तक देय है।

2. यह कि, आपने जून 2025 तक का किराया अदा किया है। जुलाई से दिसम्बर 2025 तक छह माह का किराया 72,000 रुपये देय हुआ, जिसमें से आपने दिनांक 18 अक्टूबर 2025 को 15,000 रुपये अदा किए। इस प्रकार आप पर 57,000 रुपये बकाया हैं।

3. अतः इस सूचना पत्र की प्राप्ति दिनांक से दो माह के भीतर उक्त सम्पूर्ण बकाया राशि 57,000 रुपये मेरे पक्षकार को अदा कर रसीद प्राप्त करें। अन्यथा मेरे पक्षकार को आपके विरुद्ध मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 की धारा 12(1)(क) के अन्तर्गत निष्कासन एवं बकाया किराया वसूली हेतु सक्षम न्यायालय में वाद प्रस्तुत करना पड़ेगा, जिसके समस्त हर्जे-खर्चे का दायित्व आपका होगा।’

खाली वकिलाची सही, तारीख आणि एक प्रत जवळ ठेवल्याची नोंद. एवढंच. कोर्टकचेरीतली हिंदी ‘यह कि’ने प्रत्येक परिच्छेद सुरू करते, त्याला बिचकायचं कारण नाही, त्यामुळे पुढे दाव्यात आणि जबाबात ‘कंडिका दोनमधलं म्हणणं’ असा नेमका उल्लेख करता येतो. वकीलच हवा असंही नाही. घरमालक स्वतःच्या सहीने हीच नोटीस पाठवू शकतो, मग ‘मेरे पक्षकार’च्या जागी ‘मैं’ येतो. नोटीस हिंदीतच असावी असा नियम नाही, पण ज्याला ती वाचायची आहे त्याला समजली पाहिजे, आणि उद्या ती ज्या कोर्टात दाखल होणार तिथलं रोजचं काम हिंदीत चालतं. ‘मला इंग्रजी वाचता येत नाही’ हे सांगायची संधी भाडेकरूला कशाला द्यायची?

या मजकुरात सगळ्यात मोलाचे शब्द आहेत ‘प्राप्ति दिनांक से’. नोटिशीवर 10 जानेवारी ही तारीख आहे, पण घड्याळ त्या तारखेला सुरू होत नाही. समजा 12 तारखेला ती टपालात पडली आणि 16 जानेवारीला भाडेकरूच्या हातात गेली. मग दोन महिने 16 मार्चला पुरे होतात. महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना. तीस दिवसांचे दोन तुकडे नव्हेत. मध्ये फेब्रुवारी आल्याने हे दोन महिने प्रत्यक्षात 59 दिवसांचेच भरतात, तर जुलै-ऑगस्टात गेले असते तर 62 दिवसांचे झाले असते. म्हणून ‘साठ दिन’ असं लिहू नये, ‘दो माह’ असंच लिहावं. 16 मार्चच्या दिवसअखेरपर्यंत भाडेकरूने 57,000 दिले तर थकबाकीच्या कारणावर दावा उभा राहत नाही. नोटिशीवरच्या तारखेपासून मोजून 11 मार्चला दावा लावला, तर तो वेळेआधी लावलेला ठरतो आणि केवळ एवढ्या कारणावर महिनोन्‌महिने वाया जाऊ शकतात.

काहींना ठळक अक्षरांत एक पक्की तारीख छापायची असते, कारण तारखेने माणूस हलतो. ते चूक नाही, पण ती तारीख पुरेशी लांबची हवी. नोटीस उशिरा पोहोचली तरी दोन महिने पूर्ण मिळतील अशी. या उदाहरणात 31 मार्च 2026 लिहिली असती तर चाललं असतं. आणि सात किंवा पंधरा दिवसांची मुदत लिहिली तर? त्याने कायद्याने दिलेले दोन महिने कमी होत नाहीत. भाडेकरू चाळिसाव्या दिवशी सगळे पैसे भरून मोकळा होऊ शकतो, नोटिशीत काहीही लिहिलेलं असो.

दुसरी खबरदारी आकड्याची. कायदा ‘कायद्याने वसूल होऊ शकणारं भाडं’ असं म्हणतो. भाड्याच्या वसुलीची मुदत ते देय झाल्यापासून तीन वर्षांची असते, त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचे राहिलेले दोन महिने आता रागाने या हिशेबात घुसडून उपयोग नाही. विजेचं बिल, रंगरंगोटी, नोटिशीचा खर्च हेही भाडं नव्हे. मागायचं असेल तर ते वेगळ्या परिच्छेदात, वेगळ्या आकड्यात मागावं. समजा 57,000 मध्ये 6,400 चं वीजबिल आणि 2,500 वकिलाची फी मिसळून 65,900 ची एकच रक्कम मागितली. भाडेकरूने त्यातले फक्त भाड्याचे 57,000 भरले, तर त्याने पूर्ण थकबाकी भरलेली असते. घरमालक मात्र 8,900 अजून बाकी आहेत अशा समजुतीत दावा लावायला निघतो.

डिपॉझिटचा प्रश्नही इथेच येतो. ‘मेरा चौबीस हजार आपके पास जमा है, उसमें से काट लीजिए’ हे भाडेकरूचं ठरलेलं उत्तर. डिपॉझिट कशासाठी आहे हे करारात लिहिलेलं असतं. बहुधा घर सोडताना मोडतोड आणि शेवटची देणी वळती करण्यासाठी. तरीही माझा आग्रह असतो, की नोटिशीत डिपॉझिटचा उल्लेख स्वतःहून करावा: इतकी रक्कम जमा आहे, आणि करारातल्या अमुक अटीप्रमाणे ती घराचा ताबा परत देताना हिशेबात धरली जाईल. लपवलेली रक्कम कोर्टात निघाली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

आता टपाल. कितीतरी चांगल्या लिहिलेल्या नोटिशी इथे अडकतात. वर्षानुवर्षं ‘रजिस्टर्ड ए.डी.’ हा शब्दच नोटिशीच्या डोक्यावर असायचा. 2025 मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं, त्यामुळे आता खिडकीवर स्पीड पोस्ट करताना रजिस्ट्रेशनची सेवा आणि पोहोच मिळाल्याचा पुरावा, दोन्ही आठवणीने मागावं लागतं. पावती जपून ठेवावी आणि पत्र पोहोचलं की ट्रॅकिंगचं पान लगेच छापून घ्यावं. दोन वर्षांनी साक्षीच्या वेळी ते ऑनलाइन सापडेलच असं नाही.

पाकीट परत आलं तर घाबरण्याआधी त्यावरचा पोस्टमनचा शेरा वाचावा. ‘लेने से इन्कार’ असा शेरा असेल तर काम झालं. पत्ता बरोबर, तिकीट पुरेसं आणि पत्र रीतसर पाठवलेलं असेल तर ते पोहोचलं असं कायदा गृहीत धरतो, आणि ते पोहोचलं नाही हे दाखवण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. ‘बार-बार जाने पर नहीं मिले’, ‘घर पर ताला’ हे शेरेही अनेकदा मालकाच्या बाजूने जातात, पण तिथे वाद होऊ शकतो. ‘पता अपूर्ण’ हा शेरा मात्र मालकाचीच चूक दाखवतो. मजला, गल्ली, पिनकोड काहीतरी राहिलेलं असतं. अशा वेळी वाद न घालता पत्ता दुरुस्त करून नवी नोटीस पाठवावी आणि दोन महिने नव्याने मोजावेत. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आणखी वाटा आहेत: नोटीस हाती देता येते, घरातल्या माणसाला किंवा नोकराला देता येते, आणि तेही जमलं नाही तर जागेच्या दर्शनी भागी चिकटवता येते. पुण्यात बसलेल्या मालकाला शेवटच्या दोन वाटांसाठी तिथलं कुणीतरी लागतं. चिकटवलेल्या नोटिशीचा फोटो आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या असल्या तर उत्तम. व्हॉट्सॲपवर प्रत जरूर पाठवावी, पण टपालाच्या जोडीला. टपालाच्या ऐवजी नव्हे.

भाडेकरू कराराच्या वेळचा नसून त्याचा मुलगा असेल, तर नोटीस कुणाच्या नावे? मूळ भाडेकरू वारला असेल तर त्याच्या वारसांना, शक्य तितक्या सगळ्यांना, नावं घालून. मेलेल्या माणसाच्या नावे गेलेली नोटीस कुणावरच बजावली जात नाही.

आता पारड्याच्या दुसऱ्या बाजूने पाहू, कारण ही नोटीस ज्याच्या हाती पडते तोही अनेकदा नोकरी गेलेला, दुकान बसलेलं असा कुणीतरी असतो. त्याला कायद्याने दिलेली सवलत मोठी आहे आणि ती त्याला माहीत नसते. दोन महिन्यांत पूर्ण रक्कम दिली की प्रश्न मिटतो. थोडी दिली तर नाही. कायदा ‘संपूर्ण’ म्हणतो. 40,000 भरून ‘बाकी पुढच्या महिन्यात’ म्हणणारा भाडेकरू मुदत चुकवून बसतो. पैसे रोख देऊ नयेत. बँकेतून द्यावेत आणि सोबत ‘जुलाई से दिसम्बर 2025 का बकाया किराया’ असं लिहावं, म्हणजे ते कशापोटी याचा वाद राहत नाही. मालकाने खातंच बंद केलं किंवा पैसे परत पाठवले, तर मनीऑर्डर करावी आणि ती नाकारल्याची पावती ठेवावी, कारण कायद्यात ‘देऊ केले’ हेही दिल्यासारखंच धरलं आहे. आकडा चुकला असेल तर लेखी उत्तर द्यावं. नोटिशीला उत्तर न देण्याने हक्क जात नाही, पण पुढे ‘तेव्हा काहीच का बोलला नाहीत?’ हा प्रश्न हमखास येतो.

मालकानेही या दोन महिन्यांत हात आवरावा लागतो. वीज तोडणं, पाण्याची मोटर बंद करणं, भाडेकरू बाहेर गेल्यावर कुलूप बदलणं हे सगळं बेकायदा आहे. कुलूप बदलून बाहेर काढलेला भाडेकरू सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कुणाची, थकबाकी किती हे प्रश्न गौण ठरतात. खरी थकबाकी असलेला मालकच मग आरोपीच्या जागी जातो. मध्येच अर्धे पैसे आले तर घ्यावेत, पण पावतीवर ‘अपने अधिकार सुरक्षित रखते हुए’ असं लिहून घ्यावेत.

आपल्या उदाहरणात समजा 16 मार्च गेला आणि काहीच आलं नाही. दावा लागला. समन्स भाडेकरूला 20 मे 2026 रोजी मिळालं. इथे त्याला आणखी एक संधी आहे: समन्स मिळाल्यापासून एका महिन्यात, म्हणजे 20 जूनपर्यंत, त्याने कोर्टात थकबाकी भरायची. पण आता ती 57,000 नाही. जूनमध्ये भरत असेल तर मे अखेरपर्यंतची सगळी. जानेवारी ते मे हे पाच महिने, म्हणजे 60,000, आणि आधीचे 57,000: एकूण 1,17,000 रुपये. त्यानंतर दर महिन्याचं भाडं पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत कोर्टात भरत राहायचं. जूनचं 15 जुलैपर्यंत. हे त्याने नेमाने केलं तर थकबाकीच्या कारणावर त्याला घराबाहेर काढता येत नाही. भाड्याचा दरच वादात असेल तर तसं लवकरात लवकर कोर्टाला सांगावं लागतं, आणि कोर्ट तात्पुरता दर ठरवून देतं. हप्ता चुकला, वेळही मागून घेतली नाही, तर कोर्ट त्याचा बचाव काढून टाकू शकतं. बचाव गेलेला भाडेकरू दाव्यात हजर राहतो, पण त्याला आपलं म्हणणं मांडायला फारशी जागा उरत नाही.

कोर्टातली ही सवलत दर वेळी मिळत नाही. एकदा तिचा लाभ घेऊन त्याच जागेचं भाडं पुन्हा सलग तीन महिने थकवलं तर ती संपते. नोटिशीच्या दोन महिन्यांतच पैसे भरून टाकले असतील, तर तो लाभ खर्च होत नाही, कारण प्रकरण कोर्टापर्यंत गेलेलंच नसतं. म्हणून घरमालकांनी थकबाकी वसूल झाली म्हणून जुनी फाईल टाकून देऊ नये. नोटिशीची प्रत, टपालाची पावती, पोहोच आणि कोर्टाने सवलत दिली असेल तर त्या आदेशाची नक्कल एकत्र ठेवावी. दुसऱ्यांदा भाडं थकलं की वकील सगळ्यात आधी तीच मागतो.